टोक ढग रिकामा करत नाही: तडितरक्षक सुचला कसा आणि वाचवतो कसा

प्रश्न: आमची सात मजली इमारत आहे. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी तडितरक्षक आहे. शाळेत शिकलो होतो की सळईचं टोक ढगातला विद्युतभार गुपचूप काढून घेतं आणि वीज पडतच नाही. पण गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज थेट त्याच सळईवर पडली आणि टोक थोडं वितळलं. मग आमची सळई नापास झाली का? आणि मुळात फ्रँकलिनला टोकदार सळईचं सुचलं तरी कसं?

उत्तर: नापास नाही, पास झाली. वीज सळईवर पडली, भिंतीला तडा गेला नाही, माणसं सुखरूप राहिली, म्हणजे तिनं तिचं काम केलं. तुम्ही शाळेत शिकलात ते फ्रँकलिनचंच म्हणणं आहे, आणि त्यातला अर्धा भाग चुकीचा होता. मी पंचवीसेक वर्षं इमारतींवर आणि कारखान्यांच्या धुराड्यांवर हीच कामं करतोय. टोकाबद्दलचा हा गैरसमज गिऱ्हाइकांपासून इंजिनिअरांपर्यंत सगळीकडे भेटतो. साइटवर आम्ही सगळे याला 'लायटनिंग अरेस्टर' म्हणतो, त्यानं गोंधळ आणखी वाढतो. ही सळई कुणालाच अटक करत नाही, फक्त वाट करून देते.

आधी सुचलं कसं ते सांगतो, कारण चूक तिथंच लपलेली आहे.

१७४७ साली फिलाडेल्फियात फ्रँकलिन आणि त्याचे मित्र लंडनहून पीटर कॉलिन्सननं पाठवलेली काचेची नळी घासून वीज तयार करण्याचे प्रयोग करत होते. त्यातला एक प्रयोग असा. तीन-चार इंच व्यासाचा लोखंडी गोळा कोरड्या, स्वच्छ बाटलीच्या तोंडावर ठेवायचा. छतापासून रेशमी दोऱ्यानं गोटीएवढी बुचाची गोळी अशी लोंबकळत सोडायची की ती लोखंडी गोळ्याला टेकेल. गोळ्याला भार दिला की बुचाची गोळी चार-पाच इंच दूर ढकलली जाते आणि तशीच राहते. आता एक दाभण घ्यायचं आणि त्याचं टोक सहा-आठ इंचांवर आणायचं. बुचाची गोळी लगेच परत गोळ्याकडे येते, म्हणजे भार निघून गेला. आवाज नाही, ठिणगी नाही. दाभणाऐवजी बोथट वस्तू वापरली तर ती इंचभर जवळ न्यावी लागते, आणि मग चट्‌कन ठिणगी उडते. अंधारात पाहिलं तर दाभणाच्या टोकावर काजव्यासारखा उजेड दिसतो, कधीकधी फूटभर अंतरावरूनसुद्धा.

पण मला या प्रयोगातला सगळ्यात मोलाचा तुकडा वेगळाच वाटतो, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. फ्रँकलिननं दाभणाचं पातं लाकडी मुठीतून काढून लाखेच्या कांडीत बसवलं. तेच पातं, तेच टोक, तेच अंतर, आणि काहीही झालं नाही. मग त्यानं लाखेवरून बोट पुढं सरकवून पात्याला टेकवलं, आणि गोळ्याचा भार क्षणात गेला. म्हणजे नुसतं टोक असून भागत नाही, टोकाच्या मागं जमिनीपर्यंत वाट लागते. अर्थिंगची सगळी गोष्ट त्या लाखेच्या कांडीत आहे.

टोक असं का वागतं? धातूवरचे सारख्या जातीचे भार एकमेकांना ढकलतात आणि जमेल तितके लांब पळतात. गुळगुळीत गोळ्यावर ते सगळीकडे सारखे पसरतात. सळईच्या टोकावर पोचलेल्या भाराला मात्र पुढून ढकलणारं कुणी नसतं, फक्त मागून रेटा असतो, म्हणून तिथं गर्दी होते. जिथं भाराची गर्दी तिथं बाहेरच्या हवेतलं विद्युतक्षेत्र तीव्र. कोरड्या हवेत हे क्षेत्र दर सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्टवर गेलं की हवा फुटते, तिचे रेणू आयन होतात आणि त्या वाटेनं भार गळू लागतो. दाभणाच्या टोकावरचा तो काजवा म्हणजे हीच गळती. आम्ही तिला कोरोना म्हणतो.

नोव्हेंबर १७४९ मधल्या एका टिपणात फ्रँकलिननं आकाशातली वीज आणि काच घासून मिळालेली वीज यांच्यातल्या सारखेपणाची यादी केली: उजेड, रंग, वाकडीतिकडी वाट, वेग, धातूतून वाहणं, कडकडाट, गंधकासारखा वास वगैरे. शेवटी त्यानं लिहिलं की ही वीज टोकांकडे ओढली जाते, आकाशातल्या विजेत हा गुण आहे की नाही ते माहीत नाही, पण बाकी सगळं जुळतंय तर हेही जुळेल, प्रयोग करून पाहावा. पुढच्या वर्षी त्यानं कॉलिन्सनला कळवलं की घरं, देवळं, जहाजं यांच्या सर्वांत उंच भागावर सुईसारख्या टोकाच्या लोखंडी सळया उभ्या कराव्यात, गंजू नये म्हणून त्यांना सोन्याचा मुलामा द्यावा आणि पायथ्यापासून तार बाहेरच्या बाजूनं जमिनीत न्यावी. या सळया ढग जवळ येण्याआधीच त्यातली आग गुपचूप काढून घेतील, अशी त्याची अटकळ होती.

प्रयोग आधी दुसऱ्यांनीच केला. १० मे १७५२ रोजी पॅरिसजवळच्या मार्ली-ला-व्हिल गावात दालिबार या फ्रेंच संशोधकानं उभारलेल्या, दारूच्या बाटल्यांवर टेकवून जमिनीपासून तोडलेल्या ४० फुटी सळईतून गडगडाटी ढगाखाली ठिणग्या काढल्या गेल्या. फ्रँकलिनचा पतंग त्यानंतरचा. त्या पतंगावर वीज पडली नव्हती, नाहीतर पुढची गोष्ट सांगायला फ्रँकलिन उरला नसता. ओल्या दोरीनं ढगाखालच्या हवेतला थोडासा भार टिपला, एवढंच. हे किती जिवावरचं काम होतं ते १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला कळलं. तिथं जमिनीशी न जोडलेल्या सळईजवळ निरीक्षण करताना रिखमन नावाचा प्राध्यापक जागीच गेला. तीच लाखेची कांडी, फक्त या वेळी बोटाच्या जागी माणूस.

१७५३ च्या पंचांगात फ्रँकलिननं सामान्य माणसासाठी कृती छापली: बारीक लोखंडी सळई, खालचं टोक ओल्या जमिनीत तीन-चार फूट, वरचं टोक इमारतीच्या सर्वांत उंच भागाच्या सहा ते आठ फूट वर, आणि त्यावर विणायच्या सुईएवढी, टोक काढलेली फूटभर पितळी तार. आजची आमची सळई याहून फार वेगळी नाही.

आता चुकीकडे येतो. लोखंडी गोळ्यावर होता तो काच घासून मिळालेला चिमूटभर भार. तो दाभणातून क्षणात गळून गेला. ढगात मात्र दहा-वीस कूलॉम किंवा जास्तच भार असतो. सळईच्या टोकातून गडगडाटी ढगाखाली होणारी गळती असते काही मायक्रोअँपिअरची. आपण उदारपणे १० मायक्रोअँपिअर धरू. २० कूलॉम काढायला २० लाख सेकंद लागतील, म्हणजे जवळजवळ तेवीस दिवस. ढग तोवर थांबत नाही. एकदा कडाडल्यावर तो मिनिटाच्या आतसुद्धा पुन्हा तयार होऊ शकतो. शिवाय गळती एकट्या तुमच्या सळईतून होत नाही. आजूबाजूचं प्रत्येक झाड, प्रत्येक पान, गवताची पाती त्याच ढगाखाली तेच करत असतात. एवढी टोकं मिळूनही वीज पडायची थांबत नाही, तिथं गच्चीवरच्या एका टोकानं काय होणार?

फ्रँकलिनचं मोठेपण असं की त्यानं खालची तार घालून ठेवली होती. तारेचा खरा उपयोग त्याला न्यूबरीत दिसला. मॅसॅच्युसेट्समधल्या त्या गावात चर्चच्या लाकडी मनोऱ्यावर वीज पडली आणि त्यानं जाऊन नुकसान पाहिलं. घंटेपर्यंत मनोरा सत्तर फूट, त्याच्यावर आणखी सत्तर फूट निमुळता कळस. घंटेच्या हातोड्यापासून एक तार मजल्यांतून आणि भिंतीलगत वीसेक फूट खाली घड्याळापर्यंत गेलेली. तार विणायच्या सुईहून जाड नव्हती. घंटेच्या वरच्या कळसाच्या चिंध्या झाल्या होत्या, लाकडं चौकात विखुरली होती. घंटेपासून घड्याळापर्यंत मात्र इमारतीला काही झालं नव्हतं. तार स्वतः वाफ होऊन उडून गेली होती आणि गिलाव्यावर तीन-चार इंच रुंद काजळीचा पट्टा राहिला होता. घड्याळाच्या लंबकाची सळईही विजेनं धरली होती. ती जिथं संपली तिथून खाली पुन्हा नासधूस, इतकी की पायाचे दगड उपटून वीस-तीस फूट लांब पडले होते.

जिथं धातू अखंड तिथं इमारत शाबूत. एवढ्या बारीक तारेनंही तो भाग वाचवला, तेव्हा जाड सळई वरपासून ओल्या मातीपर्यंत नेली तर सगळंच वाचेल, हे फ्रँकलिननं ओळखलं. त्याचं म्हणणं असं की सळई एकतर वीज पडूच देणार नाही, किंवा पडलीच तर ती सुखरूप खाली नेईल. पुढं फिलाडेल्फियातच वेस्ट नावाच्या व्यापाऱ्याच्या घरावर वीज पडली. दहा इंची पितळी टोकाचा अडीच इंचांच्या आसपास भाग वितळला आणि खाली ओल्या फरसबंदीवर दोन-तीन यार्डांपर्यंत वीज पसरताना लोकांनी पाहिली. घराला ओरखडाही नाही. तुमच्या वितळलेल्या टोकाची ही जुनी भावंडं.

मग टोक, उंची, धातू यांचं नेमकं काम काय? वीज ढगातून सरळ खाली उडी मारत नाही. आधी आयन झालेल्या हवेची एक फांदी टप्प्याटप्प्यानं खाली येते, एकेक टप्पा साधारण पन्नास मीटरचा. खाली काय आहे याची या फांदीला बराच वेळ काही खबर नसते. किलोमीटरभर उंचीवरून तुमच्या दोन मीटर सळईला ती ओढली जाते, हा समज साफ चुकीचा. जमीन पन्नास-शंभर मीटरवर आली की मात्र खालच्या वस्तूंवरचं क्षेत्र एकदम चढतं, आणि कळस, अँटेना, कठड्याचे कोपरे, झाडांचे शेंडे यांतून उलट वर जाणाऱ्या ठिणग्या निघतात. ज्याची ठिणगी आधी जाऊन भिडली, वीज त्याची. मग त्या जोडलेल्या वाटेनं सरासरी ३० हजार अँपिअरचा झटका जातो, काही वेळा लाखाच्या वर.

उंच, निमुळती, जमिनीला जोडलेली धातूची सळई ही शर्यत सहसा जिंकते, आणि तेवढंच तिचं पहिलं काम. ती ढग रिकामा करत नाही. खाली आलेली वीज कुठं टेकेल ते ती ठरवते, आणि दगड-विटांऐवजी आपल्या अंगावरून खाली उतरवते.

टोक सुईसारखंच हवं का, यावरून अठराव्या शतकात इंग्लंडात जोरदार भांडण झालं. १७७७ मध्ये पर्फ्लीटच्या दारूगोळा कोठाराच्या इमारतीवर टोकदार सळया असूनही कठड्याच्या कोपऱ्यावर वीज पडली. बोथट सळईच्या बाजूचे लोक म्हणाले, पाहा, टोकदार चालत नाही. राजा तिसऱ्या जॉर्जनंही बोथटाची बाजू घेतली. तेव्हा अमेरिकेशी युद्ध सुरू होतं, त्यामुळं टोकाला राजकारणही चिकटलं. गंमत म्हणजे अलीकडे न्यू मेक्सिकोतल्या एका डोंगरावर सुईसारख्या आणि बोथट सळया शेजारी शेजारी वर्षानुवर्षं उभ्या ठेवून पाहिल्या, तेव्हा वीज बोथटांवर पडली, सुयांवर नाही. अंगठ्याएवढ्या, १९ मिलिमीटर जाडीच्या सळया सरस ठरल्या. कारण तोच काजवा: अतितीक्ष्ण टोकातून आधीपासून गळणारा भार टोकाभोवती ढगासारखा साचतो आणि टोकालाच झाकतो, मग ऐन वेळी वर जाणारी ठिणगी उशिरा निघते. प्रत्यक्ष कामात हा फरक फार मोठा नाही. म्हणून वितळून गोलसर झालेलं टोक पाहून घाबरू नका. सळई वाकलेली किंवा सैल झालेली नसेल तर बदलायची घाई नाही.

पर्फ्लीटचा खरा धडा दुसराच होता: एक सळई किती परिसर झाकते? आज आम्ही हे एका काल्पनिक गोळ्यानं तपासतो. साध्या निवासी इमारतीसाठी ४५ मीटर त्रिज्येचा चेंडू इमारतीवरून लोळवायचा. चेंडू जिथं टेकेल तिथं वीज पडू शकते, जिथं पोचत नाही ती जागा सुरक्षित. सपाट गच्चीवर h उंचीच्या सळईभोवती गच्चीच्या पातळीला मिळणारं अंतर असं निघतं:

d = √(2Rh − h²)

R ४५ आणि h २ मीटर घेतलं तर d येतो सुमारे १३.३ मीटर. ऐकायला बरं वाटतं, पण हे फक्त फरशीच्या पातळीला. गच्चीवर एक मीटर उंचीचं सोलर पॅनेल असेल तर तीच सळई त्याला जेमतेम ३.८ मीटरपर्यंत झाकते. त्यापलीकडचं पॅनेल उघड्यावर. सळई टाकीच्या वर नेऊन तिचं टोक गच्चीपासून ५ मीटरवर ठेवलं तर त्याच पॅनेलसाठी अंतर ११ मीटरच्या पुढं जातं. तुम्ही 'टाकीशेजारी' लिहिलंय म्हणून विचारतो: सळईचं टोक टाकीच्या वर आहे ना? मी अशा कितीतरी गच्च्या पाहिल्यात जिथं नंतर टाकी वाढवली, डिश लावली, आणि सळई सगळ्यांत बुटकी होऊन बसली. कठड्याचे कोपरे तर जवळजवळ नेहमीच चेंडूच्या वाटेत येतात, म्हणून एका सळईवर न थांबता कठड्यावरून चौफेर धातूची पट्टी फिरवतात. 'आमची एकच खास सळई शंभर मीटर त्रिज्या झाकते' असं कुणी विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. आपल्याकडे लागू असलेलं IS/IEC 62305 हे मानक असल्या वाढीव त्रिज्या मानत नाही.

वरून वीज घेतली, आता ती उतरवायची. अर्थिंगचा रोध १० ओहम आणि प्रवाह ३० हजार अँपिअर धरला तर क्षणभर सळईपासून अर्थिंगपर्यंत उतरणारी सगळी पट्टी जमिनीपेक्षा तीन लाख व्होल्टवर जाते. त्या वेळी शेजारून जाणारा पाण्याचा लोखंडी पाइप किंवा टाकीची शिडी पट्टीला जोडलेली नसेल तर वीज मधल्या हवेतून तिकडं उडी मारते. म्हणून हे सगळं धातूकाम पट्टीशी आणि अर्थिंगशी एकत्र बांधायचं. पट्टी सरळ खाली न्यायची, छज्जाभोवती इंग्रजी यू काढायचा नाही, कारण वीज वळण न घेता छज्जातून आरपार जाईल. आणि एकच पट्टी ठेवायची नाही. तुमच्या प्रकारच्या इमारतीला परिघावर साधारण दर १५ मीटरला एक, कमीत कमी दोन. लिफ्टचं पॅनेल किंवा टीव्ही त्या दिवशी जळला असेल तर त्यात सळईची चूक नाही. वायरींतून येणारा झटका अडवायला मुख्य पॅनेलमध्ये वेगळं सर्ज प्रोटेक्शन लागतं.

वीज पडून गेल्यावर तपासणी मात्र करून घ्या. वरची सळई, प्रत्येक सांधा, नटबोल्ट. मग जमिनीजवळचा टेस्ट जॉइंट उघडून दोन मोजमापं: खाली अर्थिंगचा रोध, आणि वर गच्चीपर्यंत पट्टी अखंड आहे का. जॉइंट जोडल्यावर त्याच्या खालची पट्टीही खड्ड्यापर्यंत उघडी करून डोळ्यांनी पाहा. हे शेवटचं सगळे टाळतात, आणि मीही एकदा टाळणार होतो.

एका जुन्या इमारतीत कागदोपत्री सगळं चोख होतं. अर्थिंगच्या खड्ड्यात मोजलं तर रोध चार ओहम, वरून टेस्ट जॉइंटपर्यंत पट्टी अखंड. जॉइंटच्या खाली माणसांचा हात लागू नये म्हणून पट्टीवर पीव्हीसी पाइप घातलेला असतो, तोही रंगवलेला, क्लॅम्पसकट जागेवर. दोन्ही आकडे वेगवेगळे चांगले आले होते, पण जॉइंट जोडून वरून खड्ड्यापर्यंत एकत्र मोजायला गेलो तर मीटर हलेना. पाइप उतरवला. आतली तांब्याची पट्टी कुणीतरी खालून कापून नेली होती आणि पाइप पुन्हा नीट बसवला होता. न्यूबरीला धातू घड्याळाच्या लंबकापाशी संपला होता, इथं जमिनीपासून साडेतीन फुटांवर, आणि त्याच भिंतीच्या पलीकडे वॉचमनची खाट होती.